फोनवर दिलेली पैशांची तारीख ईमेलवर कशी नोंदवावी

प्रश्न: आमचा पुण्यात पावडर कोटिंगचा छोटा कारखाना आहे. एका ग्राहकाकडे तीन बिलांचे 4,86,000 रुपये सहा-सात महिने अडकले आहेत. काल दुपारी मालक स्वतः फोनवर म्हणाले, "दहा जुलैला सगळे पैसे टाकतो." यापूर्वी अशाच दोन तारखा होऊन गेल्या. या वेळी ईमेल करून ठेवायचा आहे, म्हणजे पुढे त्यांना नाकारता येणार नाही. काय लिहू आणि त्याचा खरोखर किती उपयोग होतो?

उत्तर: शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण ईमेल कसा लिहायचा हे त्यावरच ठरते. तुम्ही पाठवलेला ईमेल हे तुमचे म्हणणे असते. "ते असे म्हणाले" हे तुम्ही त्याच दिवशी लिहून त्यांनाच कळवले, एवढे त्यातून सिद्ध होते. त्याला किंमत आहे. परंतु ते त्यांचे कबूल करणे नव्हे. त्यांच्याकडून "होय, बरोबर आहे" अशी एक ओळ उलट आली, तर मात्र चित्र पूर्ण बदलते. म्हणून हा ईमेल आपल्या फाइलसाठी केलेली नोंद म्हणून लिहू नका. समोरच्या माणसाला मोबाइलवरून अर्ध्या मिनिटात उत्तर देता यावे, असा तो लिहा. मी बावीस वर्षे लघुउद्योजकांच्या येण्यांचे काम पाहतो आहे आणि या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्यामुळे बुडालेली रक्कम मी डोळ्यांनी पाहिली आहे.

ते प्रकरण सांगतो, म्हणजे मुद्दा स्पष्ट होईल. एका सुट्या भागांच्या कारखानदाराचे मार्च 2014 मधले बिल थकले होते. ग्राहक दर दोन-तीन महिन्यांनी फोनवर नवी तारीख देत असे आणि आमचे कारखानदार प्रत्येक वेळी इमानाने ईमेल करत: "आज आपले बोलणे झाले, आपण अमुक तारखेला पैसे देणार आहात." असे अकरा ईमेल होते, पण उत्तर आले ते एकाच ईमेलला, आणि तेही ग्राहकाच्या लेखा विभागातील एका कारकुनाकडून: "नोटेड". जून 2017 मध्ये ते माझ्याकडे आले, तेव्हा बिलाची रक्कम देय झाल्यापासूनची तीन वर्षे उलटून गेली होती. मुदतीच्या कायद्याचे, म्हणजे 1963 च्या लिमिटेशन अ‍ॅक्टचे कलम 18 सांगते की देणेदाराने मुदत संपण्यापूर्वी आपले देणे लेखी आणि सहीनिशी मान्य केले, तर त्या दिवसापासून नवी मुदत मोजायची. तोंडी वचनाने मुदत वाढत नाही आणि घेणेकऱ्याने स्वतः लिहिलेल्या अकरा ईमेलनीही वाढत नाही. "नोटेड" म्हणजे वाचले. देणे मान्य आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. शिवाय तो लिहिणाऱ्या कारकुनाला मालकाच्या वतीने देणे मान्य करण्याचा अधिकार होता, हे आम्हाला दाखवता आले नाही. माणूस खरे बोलत होता, कागद व्यवस्थित लावलेले होते, तरी पैसे गेले ते गेले.

तुमच्या बाबतीत वेळ हाताशी आहे. तुमची बिले नोव्हेंबर-डिसेंबर 2025 मधली आणि उधारीची मुदत तीस दिवसांची आहे, असे धरून पुढचे सांगतो. म्हणजे पहिल्या बिलाची तीन वर्षे डिसेंबर 2028 मध्ये संपतील. मालकांनी आजच, म्हणजे 23 जून 2026 ला, उत्तर देऊन देणे मान्य केले, तर त्या रकमेची मुदत 23 जून 2029 पर्यंत जाईल. येथे अनेकांचा हमखास गोंधळ होतो. नवी मुदत मान्य करण्याच्या तारखेपासून मोजली जाते. वचनात दिलेल्या 10 जुलैपासून नाही. डायरीत तारीख लिहिताना जी आधीची असेल ती लिहावी.

आता मजकूर. लिहिण्याआधी फोनवर नेमके कोणते शब्द आले, ते शांतपणे आठवा आणि कोऱ्या कागदावर उतरवा. "टाकतो" आणि "टाकायचा प्रयत्न करतो" यांत फार अंतर आहे. ते "बघू" म्हणाले असतील, तर ईमेलमध्ये "आपण निश्चित केले" असे लिहू नका. तुम्ही वाढवून लिहिलेत, तर त्या एका शब्दावर बोट ठेवून ते सगळाच ईमेल खोटा ठरवायला बघतील. उद्या न्यायालयात शपथेवर जे जसेच्या तसे सांगता येईल, तेवढेच लिहावे. बिलाच्या रकमेबद्दल ते काही बोलले का, मालाबद्दल काही तक्रार केली का, हेही आठवा. "मालाचं काही नाही हो, आमच्याकडेच पैसे अडकलेत" असे वाक्य आले असेल, तर ते तारखेइतकेच मोलाचे आहे. वसुलीच्या दाव्यात पहिला बचाव बहुतेक वेळा "कोटिंग निघाले, जाडी कमी भरली" असाच असतो आणि तो दावा दाखल झाल्यावर सुचलेला असतो.

तारीखही नीट लिहावी लागते. "दहापर्यंत" या शब्दात दहा तारीख धरायची की नाही, दहाला ते आरटीजीएस करणार की चेक लिहिणार, पैसे त्यांच्या खात्यातून निघणार की तुमच्या खात्यात जमा होणार, हे सगळे मोकळे राहते. म्हणून वार, तारीख, महिना, वर्ष, पैसे येण्याचा मार्ग आणि "आमच्या खात्यात जमा" हे शब्द हवेत. त्या दिवशी बँक बंद होती, ही सबब पूर्वी चालून जात असे. एनईएफटी डिसेंबर 2019 पासून आणि आरटीजीएस डिसेंबर 2020 पासून वर्षभर चोवीस तास चालू आहेत. मार्गाचे नाव ईमेलमध्ये असले, तर सुट्टीची सबब पुढे करायला जागा राहत नाही.

रकमेच्या बाबतीत टीडीएसकडे लक्ष द्या. तुमच्या खातेवहीत 4,86,000 आहेत, पण ग्राहकाने टीडीएस कापला असेल तर त्यांच्या खातेवहीत याहून कमी आकडा असणार. तुम्ही नुसती मोठी रक्कम लिहिली, तर "ही रक्कम आम्हाला मान्य नाही" असे उत्तर येते आणि ते तांत्रिकदृष्ट्या खरेही असते. त्यामुळे बिलवार आकडे लिहावे आणि टीडीएसचा उल्लेख वेगळा करावा.

तुमच्यासाठी मी असा मजकूर लिहीन:

विषय: बिल क्र. 118, 131 व 140: 10 जुलै 2026 रोजी रक्कम देण्याबाबत फोनवर झालेले बोलणे

आदरणीय ... साहेब,

काल, सोमवार दि. 22 जून 2026 रोजी दुपारी सुमारे 3.20 वाजता आपले माझ्याशी फोनवर बोलणे झाले. आपण सांगितले की आमच्या पुढील बिलांची संपूर्ण रक्कम आपण शुक्रवार, दि. 10 जुलै 2026 रोजी आरटीजीएसने आमच्या खात्यात जमा कराल.

बिल क्र. 118, दि. 12 नोव्हेंबर 2025: 1,72,000 रुपये
बिल क्र. 131, दि. 26 नोव्हेंबर 2025: 1,94,000 रुपये
बिल क्र. 140, दि. 8 डिसेंबर 2025: 1,20,000 रुपये
एकूण: 4,86,000 रुपये

यातून टीडीएस कापला असल्यास कापलेली रक्कम कृपया कळवावी. या बिलांखालील कामाबद्दल आपली तक्रार नाही, असेही आपण बोलताना सांगितले.

ही बिले आपल्या ठरलेल्या तीस दिवसांच्या मुदतीनुसार यापूर्वीच देय झाली आहेत. 10 जुलै ही तारीख आपण रक्कम देण्यासाठी सांगितलेली आहे. त्यामुळे मूळ देय तारखा किंवा उशिराबद्दलचे आमचे हक्क बदलत नाहीत.

वरील मजकूर आपल्या बोलण्याप्रमाणे आहे आणि 4,86,000 रुपये (टीडीएस वजा जाता) देणे आहे, एवढे याच ईमेलला उत्तर देऊन कळवावे, ही विनंती. काही चुकले असल्यास तेही कळवावे.

आपला,
(नाव, हुद्दा, कारखान्याचे नाव, मोबाइल)

यातले तक्रारीबद्दलचे वाक्य ते खरोखर बोलले असतील तरच ठेवा. नसतील तर पूर्ण काढून टाका. मूळ देय तारखांचा परिच्छेद मात्र काढू नका. तो नसेल आणि तुम्ही भिडेखातर "आपल्या विनंतीवरून 10 जुलैपर्यंत मुदत देत आहोत" असे लिहून गेलात, तर उद्या ते म्हणतील की देय तारीखच 10 जुलै ठरली होती, मग आधीच्या महिन्यांचे व्याज कसले मागता? करार कायद्याच्या कलम 63 नुसार घेणेकऱ्याला मुदत वाढवून देता येते आणि तुमचे वाक्य त्यात बसू शकते. तुम्ही सूक्ष्म किंवा लघु उद्योग असाल आणि काम केले तेव्हा उद्यम नोंदणी असेल, तर हा परिच्छेद आणखी महत्त्वाचा ठरतो. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याच्या कलम 15 नुसार लेखी ठरवलेली मुदतसुद्धा माल किंवा काम स्वीकारल्यापासून पंचेचाळीस दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही. त्यानंतर कलम 16 प्रमाणे रिझर्व्ह बँकेने अधिसूचित केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. हा हक्क तुमच्याकडे आहे. एका नम्र पण बेसावध वाक्याने त्यावर वाद ओढवून घेऊ नये.

आणखी एक सवय सोडावी. काही जण वकिली थाट यावा म्हणून ईमेलच्या डोक्यावर "विदाउट प्रेज्युडिस" असे लिहितात. तडजोडीच्या बोलण्यावर तो शिक्का असतो आणि त्याचा हेतूच हा असतो की ते बोलणे पुढे पुरावा म्हणून वापरले जाऊ नये. तुम्हाला नेमके याच्या उलट हवे आहे.

ईमेल फोन झाला त्याच दिवशी जावा. तुमचा फोन काल झाला आहे, म्हणून आज संध्याकाळ होण्याआधी पाठवा. आठ दिवसांनी लिहिलेल्या आठवणीला तेवढे वजन राहत नाही. मालकांच्या ज्या पत्त्यावरून तुम्हाला पर्चेस ऑर्डर किंवा कामाच्या सूचना येत आल्या आहेत, त्याच पत्त्यावर पाठवा आणि लेखा विभागाला प्रत द्या. त्याच व्यवहाराच्या जुन्या ईमेलला उत्तर म्हणून लिहिलात तर अधिक चांगले, कारण ऑर्डर, बिल आणि वचन एकाच साखळीत राहतात. भाषा तीच ठेवा, ज्या भाषेत तुमचा नेहमीचा पत्रव्यवहार चालतो. एरवी मराठीत लिहिणाऱ्याने अचानक कायदेशीर इंग्रजी वापरले, की समोरचा सावध होतो आणि उत्तर टाळतो.

उत्तर मिळवणे हे यातले सर्वांत अवघड काम आहे, त्यामुळे त्याबद्दल थोडे सविस्तर सांगतो. ईमेल गेल्यावर मालकांना साधा फोन करा किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर लिहा: "साहेब, कालच्या बोलण्याचा ईमेल केलाय. आमच्या बँकेला दाखवायचाय, एक ओळ उत्तर द्याल का?" तुमचे कॅश क्रेडिट खाते असेल आणि बँक दर महिन्याला येण्यांची यादी मागत असेल, तर हे कारण शंभर टक्के खरे आहे आणि ते कोणालाही खटकत नाही. खोटे कारण मात्र सांगू नका. ते व्हॉट्सअ‍ॅपवरच "हो, दहाला नक्की" असे म्हणाले, तर तेही जपून ठेवा; पण त्या संदेशात बिल आणि रक्कम नसतील, तर तो तुमच्या ईमेलबद्दलच आहे हे दाखवावे लागते. यासाठी आधी ईमेलमधला मुख्य परिच्छेद व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवा आणि त्या संदेशालाच उत्तर येऊ द्या.

उत्तर लेखापालाकडून आले तर आभार माना आणि मालकांना प्रतीत ठेवून पुन्हा लिहा: "आपल्या वतीने श्री. ... यांनी कळवल्याप्रमाणे नोंद घेतली आहे." कलम 18 मध्ये अधिकार दिलेल्या प्रतिनिधीची सही चालते, प्रश्न अधिकाराचा असतो आणि मालकांच्या डोळ्यांसमोर चाललेल्या पत्रव्यवहारात तो दाखवणे सोपे जाते. उत्तरात काही कुरकुर असली, म्हणजे "पैसे द्यायचे आहेत पण सध्या जमत नाही" किंवा "आमचेही थोडे येणे आहे, ते वजा करू" असे काही आले, तरी नाराज होऊ नका. देणे आहे हे त्यातून मान्य होत असेल, तर देण्यास नकार किंवा वजावटीची मागणी सोबत असली तरी कलम 18 खाली ती मान्यता चालते, असे त्या कलमाच्या स्पष्टीकरणातच लिहिले आहे.

ईमेलवर हाताची सही नसते, मग हे कसे चालेल, असे तुमचे वकील किंवा त्यांचे वकील विचारतील. इलेक्ट्रॉनिक नोंदींना माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 ने मान्यता दिलेली आहे आणि ईमेलने दिलेली देण्याची कबुली कलम 18 ला पुरेशी आहे, असे कर्नाटक उच्च न्यायालयाने 2013 मध्ये सुदर्शन कार्गो विरुद्ध टेकवॅक इंजिनीअरिंग या प्रकरणात म्हटले आहे. तो निर्णय महाराष्ट्रातील न्यायालयांवर बंधनकारक नाही, पण त्याचा आधार मांडता येतो. रक्कम मोठी असेल तर मी एवढ्यावर थांबत नाही. ताळेबंदाच्या वेळी 31 मार्चच्या बाकीचे पत्र ग्राहकाच्या शिक्क्यासह आणि सहीनिशी मागवून घेतो.

उत्तर आलेच नाही तर? दोन दिवसांनी त्याच साखळीत दोन ओळींची आठवण करा, एवढेच. "उत्तर न आल्यास आपणास मान्य आहे असे समजू" हे वाक्य पुष्कळ जण टाकतात. त्याने बिघडत काही नाही, मात्र गप्प राहणे म्हणजे सही नव्हे, त्यामुळे मुदतीच्या कायद्यापुरता त्याचा उपयोग नाही. न्यायाधीशांना क्रम दिसतो, व्यापारी माणसाने वेळेवर हरकत घेतली नाही हेही दिसते; त्यापलीकडे त्यावर विसंबू नका.

10 जुलैला संध्याकाळी खाते तपासा. पैसे आले नसतील तर 11 जुलैला सकाळी त्याच साखळीत लिहा की काल रात्रीपर्यंत रक्कम जमा झालेली नाही. रागाचे शब्द नकोत. एक लाख रुपये येऊन उरलेले राहिले, तर ते कोणत्या बिलापोटी आहेत हे त्यांच्याकडून लिहून घ्या. अंशतः भरणा केल्यानेही मुदतीच्या कायद्याच्या कलम 19 खाली नवी मुदत मिळते, मात्र त्या भरण्याची लेखी नोंद पैसे देणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीची असावी लागते. नुसती बँकेच्या पासबुकातली ओळ त्यासाठी अपुरी पडू शकते. तेही पुढची तारीख देणार असतील, तर फोनवर ऐकून घ्या आणि याच पद्धतीने पुन्हा लिहा. पण 10 जुलै ही तिसरी तारीख असल्याने ती चुकल्यावर नुसत्या ईमेलवर न थांबता वकिलांची नोटीस किंवा उद्यम नोंदणी असल्यास लघुउद्योग सुविधा परिषदेकडे अर्ज, यांपैकी एक पाऊल उचला.

शेवटी ईमेल जपण्याबद्दल. केवळ छापील प्रत किंवा स्क्रीनचा फोटो ठेवून मूळ ईमेल पुसू नका. जीमेलमध्ये तो ईमेल उघडून तीन टिंबांखालच्या "Show original" मधून "Download Original" केले, की `.eml` ची फाइल मिळते. तिच्यात तो कोणत्या सर्व्हरवरून कधी आला याची माहिती असते. ती वेगळ्या पेन ड्राइव्हवर ठेवा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत ठरावीक नमुन्यातले प्रमाणपत्र द्यावे लागते. त्याचे दोन भाग आहेत: एक तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने भरायचा, आणि त्यात फाइलची हॅश किंमत, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा सांकेतिक आकडा, लिहावी लागते. प्रमाणपत्राशिवाय अशी प्रत स्वीकारली जात नाही हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये, जालन्याच्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात, जुन्या साक्ष कायद्याच्या कलम 65-ब बद्दल स्पष्ट केले होते. प्रमाणपत्र आज करण्याची गरज नाही. ज्या संगणकावरून आणि ज्या खात्यातून ईमेल गेला ते खाते चालू ठेवणे मात्र आजच ठरवा. तुमच्याकडे ईमेल करणारी मुलगी नोकरी सोडून गेली आणि तिच्या नावाचे खाते बंद केले, की सोबत तिच्याकडे आलेली उत्तरेही जातात. म्हणून हा ईमेल तुमच्या स्वतःच्या खात्यातून पाठवा.